फॉर्म १६ चा फोटो, आणि भरलेल्या करापेक्षा जास्त निघणारा परतावा

पहिल्यांदा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणारे बहुतेक जण मालकाकडून मिळालेल्या फॉर्म १६ चा फोटो काढतात, त्यावरून कागदावर तीन आकडे उतरवतात (उत्पन्न, वजावट, आधी भरलेला कर) आणि मग त्यांचा हिशेब बसत नाही. कधी भलताच कर भरायचा निघतो, तर कधी भलताच परतावा. दरवर्षी जून-जुलैत हीच अडचण घेऊन माणसं येतात. चूक शोधायची जागाही बहुतेक वेळा तीच असते.

यंदाचं एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. मुलगा माजलगावचा, नोकरी वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, राहायला संभाजीनगरात भाड्याने. आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७. त्याने फोटोवरून काढलेला सारांश असा होता: उत्पन्न ६,२५,५००, वजावटी २,२०,१००, भरलेला कर १९,९३०. त्यावरून त्याने हिशेब केला आणि म्हणाला, "काका, एकोणीस हजार नऊशे तीस वापस येऊलालेत की!"

मी त्याला आधी एवढंच विचारलं, की वर्षभरात तुझा प्राप्तिकर कापला किती? त्याच्या बारा पगारपत्रकांची बेरीज १७,४३० झाली. कापलेल्या करापेक्षा जास्त परतावा येऊच शकत नाही. परताव्याचा आकडा टीडीएसच्या, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या, वर गेला की सारांश चुकलाय, हे तिथेच ठरलं. पुढचं काम फक्त चूक कुठे आहे ते शोधण्याचं.

आधी फोटो पूर्ण आहे का ते पाहा

फॉर्म १६ चे दोन भाग असतात. भाग अ मध्ये मालकाचा टॅन, तुमचा पॅन आणि तिमाहीनुसार कापलेला व जमा केलेला कर असतो. भाग ब मध्ये पगार, सवलती, वजावटी आणि कराची आकडेमोड असते. उत्पन्न आणि वजावट भाग ब मधून घ्यायची, भरलेला कर भाग अ मधून. या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले होते आणि तिन्ही भाग ब चे होते. भाग अ चं पान त्याला बिनकामाचं वाटलं, कारण त्यावर नुसती चलनं आणि तारखा दिसतात. मग भरलेला कर त्याने आणला कुठून? त्याकडे पुढे येतो.

प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला प्रमाणपत्र क्रमांक, पॅन आणि कर निर्धारण वर्ष छापलेलं असतं. सगळ्या फोटोंवर हे तिन्ही जुळतात का, ते आधी बघा. एकाच कारखान्यातले दोन भाऊ, दोघांचे फोटो एकाच मोबाइलमध्ये, आणि पानं सरमिसळ, असं खरंच होतं.

फोटो काढताना कागद सपाट टेकवा, दिवसाच्या उजेडात काढा आणि मोबाइल बरोबर कागदाच्या वर धरा. तिरका फोटो सगळ्यात जास्त घात करतो. भाग ब मध्ये रकमांचे दोन स्तंभ असतात. आतल्या स्तंभात सुटे आकडे आणि बाहेरच्या स्तंभात बेरजा. रिकाम्या ओळींपुढे `0.00` छापलेलं असतं. फोटो तिरका असला की नजर एक ओळ खाली किंवा वर घसरते आणि घरभाड्याची सवलत भलत्याच कलमापुढे वाचली जाते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ३ व ८, १ व ७ यांच्यातला फरक पुसट होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खरं तर कारखान्याच्या एचआरकडून मूळ पीडीएफ मागून घेणं सगळ्यात बरं. आणि हा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकून "कुणी तरी बघा" म्हणू नका, त्यावर पॅन आणि पत्ता दोन्ही असतात.

मोबाइलमधल्या एखाद्या अ‍ॅपने फोटोतला मजकूर उचलून घेतला असेल तर आणखी एक खोड लक्षात ठेवा. फॉर्मवर आकडे `738000.00` असे, स्वल्पविरामाशिवाय छापलेले असतात. मधला टिंब वाचला गेला नाही तर सात लाखांचे सात कोटी होतात. एवढी मोठी चूक लगेच दिसते. पण `2500.00` चे अडीच लाख झाले तर तो आकडा खरा वाटू शकतो.

ओळी एकमेकींना बांधलेल्या आहेत

फोटोतला एखादा आकडा पुसट असला तरी अंदाजाने लिहायची गरज पडत नाही. भाग ब ची प्रत्येक बेरीज वरच्या ओळींतून येते, म्हणून गणितानेच तो आकडा पक्का करता येतो. या मुलाच्या फॉर्ममधल्या ओळी अशा होत्या.

ओळ १ मध्ये कलम १७(१) चा पगार ७,३८,०००. ओळ २ मध्ये कलम १० खालची सूट, म्हणजे घरभाडे भत्त्यातली ६०,०००. ओळ ३ ला उरले ६,७८,०००. ओळ ४ मध्ये प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५००. ओळ ५ ला त्यांची बेरीज ५२,५००. ओळ ६ म्हणजे पगाराखालचं करपात्र उत्पन्न, ६,२५,५००. दुसरं काही उत्पन्न त्याने मालकाला कळवलेलं नव्हतं, म्हणून ओळ ९ लाही तोच आकडा. ओळ १० मध्ये प्रकरण ६-अ च्या, म्हणजे ८०सी, ८०डी अशा कलमांच्या वजावटी, ओळ ११ ला त्यांची बेरीज १,०४,२०० आणि ओळ १२ ला करपात्र उत्पन्न ५,२१,३००.

फोटोत कागदाची घडी नेमकी ओळ ३ वरून गेली होती. त्याने ६,७३,००० वाचलं होतं. पण ७,३८,००० मधून ६०,००० गेले की ६,७८,०००च उरतात आणि त्यातून ५२,५०० वजा केले की खालची ६,२५,५०० ही ओळ बरोबर येते. म्हणजे तो आकडा ८ च. प्रत्येक सारांशाची तपासणी मी अशीच करतो:

```
738000 - 60000  = 678000
678000 - 52500  = 625500
625500 - 104200 = 521300
```

यातली एकही ओळ बसली नाही तर पुढे जाऊ नका. एक तर आकडा चुकीचा वाचलाय, नाही तर मधली एखादी ओळ सुटलीय. बहुतेक वेळा ती १(ई) असते, म्हणजे दुसऱ्या मालकाकडून मिळालेला पगार, जी ओळ ३ मध्ये न येता थेट ओळ ६ मध्ये मिळवली जाते.

घरभाड्याचे ६०,००० कसे आले, हेही त्याला समजत नव्हतं. वर्षाचं मूळ वेतन ३,६०,०००, मिळालेला भत्ता १,२०,०००, दिलेलं भाडं महिना ८,००० म्हणजे ९६,०००. तीन रकमांतली सगळ्यात कमी घ्यायची: मिळालेला भत्ता १,२०,०००, मूळ वेतनाचे ४० टक्के म्हणजे १,४४,००० (५० टक्के फक्त चार महानगरांना, संभाजीनगर त्यात येत नाही), आणि भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा करून उरलेले ६०,०००. म्हणून सूट ६०,०००. भत्ता एक लाख वीस हजार मिळाला म्हणून तेवढा सुटत नाही.

खरी चूक: एकच वजावट दोनदा

त्याने उत्पन्न म्हणून ओळ ६ घेतली, ६,२५,५००. हा आकडा घरभाड्याची सूट, प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर वजा करूनच आलेला आहे. मग वजावटींच्या रकान्यात त्याने फॉर्ममध्ये वजा झालेलं सगळं गोळा केलं: ६०,००० अधिक ५२,५०० अधिक प्रकरण ६-अ चे. म्हणजे १,१२,५०० रुपये दोनदा वजा झाले. करपात्र उत्पन्न आलं ४,०५,४००. कर काढायच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत आणि त्याचा कर जुन्या पद्धतीने कापला होता. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत कलम ८७अ ची सवलत मिळून कर शून्य होतो, म्हणून त्याला वाटलं, कापलेला सगळा कर परत येणार.

सारांश करायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. एक तर ओळ १ चा पूर्ण पगार धरा आणि सगळ्या सुटी-वजावटी एकत्र वजा करा. नाही तर ओळ ६ धरा आणि फक्त प्रकरण ६-अ च्या वजावटी वजा करा. मी पहिली रीत घ्यायला सांगतो. आयटीआर-१ मध्येही पूर्ण पगार, सूट असलेले भत्ते आणि कलम १६ च्या वजावटी वेगवेगळ्या विचारतात. आणि पूर्ण पगाराचा आकडा हाताशी असण्याचं दुसरं मोठं कारण खाली येतंच आहे.

वजावटींत आणखी एक छोटी चूक होती. ओळ १० मध्ये `Gross Amount` आणि `Deductible Amount` असे वेगळे रकाने असतात. पहिल्यात तुम्ही भरलेली रक्कम, शेवटच्यात कायद्याने वजा होणारी. त्याचे कलम ८०सी खाली पीएफचे ४३,२०० आणि विम्याचे ३६,००० असे ७९,२०० होते, ते दोन्ही रकान्यांत सारखेच. पण ८०डी मध्ये स्वतःच्या आणि बायकोच्या आरोग्य विम्याचा हप्ता २८,४०० भरलेला होता आणि वजा होणार होते २५,०००, कारण साठीच्या आतल्यांसाठी मर्यादा तेवढीच आहे. त्याने २८,४०० धरले. सारांशात नेहमी उजवीकडचा शेवटचा रकाना घ्या. ७९,२०० आणि २५,००० मिळून १,०४,२०० होतात आणि ओळ ११ तेच सांगते.

भरलेला कर कुठून घ्यायचा

भाग अ चा फोटो नव्हता, म्हणून त्याने पगारपत्रकावरच्या टीडीएसच्या १७,४३० मध्ये व्यवसाय कराचे २,५०० मिळवले आणि १९,९३० केले. व्यवसाय कर राज्य सरकारकडे जातो. महाराष्ट्रात तो महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापला जातो, म्हणून वर्षाचे २,५००. जुन्या पद्धतीत तो उत्पन्नातून वजा होतो, पण प्राप्तिकर भरला म्हणून तो कधीच जमा धरला जात नाही. पगारपत्रकावर दोन्ही एकाखाली एक दिसतात म्हणून ही गल्लत फार होते.

भाग ब च्या शेवटी असलेला देय कराचा आकडाही घ्यायचा नाही. मालकाने काढलेला तो हिशेब आहे, तुमच्या नावावर किती जमा झाला हे तो सांगत नाही. भाग अ मधल्या तिमाहीच्या तक्त्यातला `Amount of tax deposited / remitted` हा रकाना घ्या आणि शेजारच्या `Amount of tax deducted` शी जुळवा. त्याने नंतर ते पान पाठवलं. चार तिमाहींत ४,३५०, ४,३५०, ४,३५० आणि ४,३८० होते, बेरीज १७,४३०, दोन्ही रकान्यांत सारखी. मग प्राप्तिकराच्या पोर्टलवरचं २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं विवरण, उघडून तिथेही १७,४३० आहेत हे पाहिलं. तिन्ही ठिकाणी एक आकडा आला की हा रकाना पक्का.

दुरुस्त सारांश

पूर्ण पगार ७,३८,०००. सूट आणि वजावटी मिळून २,१६,७००: घरभाडे ६०,०००, कलम १६ चे ५२,५००, प्रकरण ६-अ चे १,०४,२००. करपात्र उत्पन्न ५,२१,३००. आधी भरलेला कर १७,४३०.

आता जुन्या पद्धतीने कर: पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, उरलेल्या २१,३०० वर २० टक्क्यांनी ४,२६०. एकूण १६,७६०. त्यावर ४ टक्के उपकर सुमारे ६७०. दहाच्या पटीत १७,४३०. कापलेला करही तेवढाच. परतावा शून्य.

मुलाचं तोंड उतरलं. पण काम इथे संपलेलं नव्हतं.

पूर्ण पगाराचा आकडा हातात असेल तर

भाग ब च्या सुरुवातीला एक प्रश्न असतो: `Whether opting out of taxation u/s 115BAC(1A)?` त्याच्यापुढे `Yes` होतं. याचा अर्थ नव्या पद्धतीतून बाहेर, म्हणजे कर जुन्या पद्धतीने कापलाय. पुष्कळ जण `Yes` वाचून उलटा अर्थ घेतात. एप्रिलमध्ये कारखान्यात फॉर्म भरताना सोबतच्यांचं पाहून त्याने जुनी पद्धत लिहून दिली होती.

मालकाला काहीही कळवलेलं असलं, तरी धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते. नव्या पद्धतीत घरभाडं, व्यवसाय कर, ८०सी, ८०डी यातलं काही वजा होत नाही. प्रमाणित वजावट मात्र ७५,००० मिळते. ७,३८,००० मधून ७५,००० गेले, उरले ६,६३,०००. त्यात बँकेच्या बचत खात्याचं व्याज २,१४० मिळवलं. हे व्याज फॉर्म १६ मध्ये नव्हतंच, ते पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात सापडलं. (जुन्या पद्धतीत ते ८०टीटीए खाली वजा होऊन गेलं असतं.) एकूण ६,६५,१४०. चार लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या २,६५,१४० वर ५ टक्के म्हणजे १३,२५७. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्याने कलम ८७अ ची सवलत हा सगळा कर पुसून टाकते. कर शून्य, परतावा १७,४३०.

आकडा जवळजवळ त्याच्या पहिल्या हिशेबाइतकाच आला, पण दोन्हींत फरक मोठा आहे. दोनदा वजावट घेतलेलं विवरणपत्र भरलं असतं तर मालकाने कळवलेल्या आकड्यांशी ते जुळलं नसतं. कलम १४३(१) खाली दुरुस्तीची सूचना आली असती आणि उत्तर द्यायला ३० दिवस मिळाले असते. पहिल्याच वर्षी त्या भानगडीत कशाला पडायचं? आता मागितलेला परतावा कायद्याने त्याचाच आहे. ओळ १२ चा ५,२१,३०० एवढाच आकडा उतरवून घेतला असता तर ही तुलना करताच आली नसती. त्या ओळीत जुन्या पद्धतीच्या वजावटी आधीच मुरलेल्या असतात.

हे कुठे चालत नाही

वर्षात दोन ठिकाणी नोकरी केली असेल तर दोन फॉर्म १६ असतात आणि दोन्हीकडे प्रमाणित वजावट धरलेली असू शकते. दोन्ही पूर्ण पगार एकत्र करून ती एकदाच वजा करा. यात कर भरायचा निघण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे घाबरू नका, पण टाळूही नका.

शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर त्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला वर सांगितलेली ८७अ ची सवलत धरू नका. ते गणित वेगळं मांडावं लागतं.

आणि भाग अ मध्ये एखाद्या तिमाहीचा कर कापलेला दिसतो पण २६एएस मध्ये नाही, असं आढळलं तर विवरणपत्रात स्वतःच्या मनाने आकडा बदलू नका. बहुतेक वेळा मालकाच्या टीडीएस विवरणात तुमचा पॅन चुकलेला असतो. एचआरला लेखी कळवा, सोबत पगारपत्रकं जोडा आणि विवरण दुरुस्त करायला सांगा. दुरुस्ती झाली की काही दिवसांनी तोच कर तुमच्या २६एएस मध्ये दिसायला लागतो. मालकाने कर कापून सरकारकडे भरलाच नसेल, तर तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, हे कलम २०५ सांगतं. म्हणून ज्या पगारपत्रकांवर कपात दिसते ती बाराच्या बारा जपून ठेवा.